जुन्या सेल्समनच्या कामाचं एक पानी टिपण कसं लिहावं: साडीच्या दुकानाचं उदाहरण

तालुक्याच्या गावातलं साडीचं दुकान. गल्ल्यावर वडील, खरेदी आणि हिशेब मुलाकडे, सुनेकडे ड्रेस मटेरियलचा काउंटर, आणि पगारी माणसं चार. त्यांतले एक मे 2003 पासून गादीवर आहेत. मालकाचा मुलगा शाळेत होता तेव्हापासून ते त्याला नावाने हाक मारतात, आणि आज दुकान चालवणारा तोच मुलगा त्यांना काका म्हणतो. या काकांच्या वर्षभराच्या कामाचं टिपण लिहायचं आहे. एवढ्या छोट्या दुकानात छापील फॉर्म नाही, गुण द्यायची पद्धत नाही, आणि लिहिणारा वयाने वीस वर्षांनी लहान आहे.

अशा ठिकाणी टिपण दोन तऱ्हांनी बिघडतं. एक तर त्याचं मानपत्र होतं: निष्ठा, प्रामाणिकपणा, घरच्यासारखं नातं, सगळं खरं, पण वाचून काकांना उद्या काय करायचं ते कळत नाही. किंवा मग इतक्या वर्षांत न बोललेल्या सगळ्या कुरबुरी एकाच कागदावर उतरतात. दोन्हींचं मूळ एकच असतं. लिहिणारा बावीस वर्षांबद्दल लिहीत असतो. टिपण एका वर्षाबद्दल लिहा, जुन्या सेवेला त्यात एक वाक्य द्या आणि बाकीचं पान गेल्या बारा महिन्यांना. पुढची सगळी पद्धत यावरच उभी आहे.

वेळ कोणती धरायची

दिवाळीच्या तोंडावर लिहू नका. बोनसचं पाकीट आणि हा कागद एकाच आठवड्यात हातात आला, तर कागदातलं प्रत्येक वाक्य पाकिटातल्या रकमेशी ताडून वाचलं जातं. मार्चअखेरही सोयीची नाही, कारण स्टॉक मोजून होतो न होतो तोच वैशाखाची लगीनसराई अंगावर येते. साडीच्या धंद्यात त्यातल्या त्यात निवांत वेळ आषाढात मिळतो. बस्त्यांची गर्दी ओसरलेली असते, श्रावणातल्या सणांची खरेदी अजून लागलेली नसते आणि नुकतीच संपलेली सराई सगळ्यांच्या डोक्यात ताजी असते. म्हणून कालावधीही जुलै ते जून असा धरावा.

पगारवाढीचं बोलणं वेगळ्या दिवशी ठेवा, पण तो दिवस आधीच ठरवून ठेवा. काका विचारतीलच, आणि त्यांनी विचारावंच. "पगाराचं आपण पंधरा तारखेला बसून बोलू" एवढं ठाम उत्तर तयार असेल तर कागदावरचं बोलणं भलतीकडे जात नाही. "बघू" हे उत्तर मात्र सगळ्या टिपणावर पाणी फिरवतं.

लिहिण्याआधी पुरावा गोळा करा

आठवणीवर विसंबलात तर शेवटचे दोन आठवडे आणि शेवटचं भांडण एवढंच कागदावर येईल. दुकानात लिखित पुरावा पुष्कळ पडलेला असतो: बिलबुकं किंवा बिलिंगचा कॉम्प्युटर, बदलीची वही, उधारीची वही, मार्चअखेरचे स्टॉक मोजणीचे कागद. दोन संध्याकाळी हे सगळे कागद घेऊन बसा.

पण विक्रीच्या आकड्याबद्दल सावध राहा. जुन्या सेल्समनच्या नावावर लागलेली विक्री दोन्ही बाजूंनी फसवते. मोठे बस्ते त्यांच्याकडेच जातात, कारण गिऱ्हाईक दारातून "काका आहेत का?" विचारत येतं, त्यामुळे आकडा फुगतो. उलट नवी मुलगी अडली की काका उठून चार साड्या दाखवतात, सौदा जमवतात आणि बिल तिच्या नावावर फाटतं. तो आकडा काकांच्या खात्यात कधीच दिसत नाही. आकडा पाहा, पण त्यावर वाक्य उभं करू नका.

माझ्या मते बदलीची वही जास्त खरं बोलते. साडी घरी गेल्यावर परत का येते? घाईत गळ्यात मारलेली असते, रंग दुकानाच्या दिव्यात वेगळा दिसलेला असतो, किंवा सेमी पैठणी आणि हातमागाची पैठणी यांतला फरक नीट सांगितलेला नसतो. ज्या माणसाने विकलेला माल क्वचितच बदलीला येतो, त्याने गिऱ्हाइकाचं ऐकून घेतलेलं असतं. दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे पडून राहिलेला माल. नवा माल कोणीही विकतं. गेल्या वर्षीचा गठ्ठा कोणी बाहेर काढला आणि कसा, हे स्टॉकच्या कागदांवर दिसतं. तिसरी गोष्ट कुठल्याच वहीत नसते: नवी माणसं कोणाकडून काय शिकली. ती त्यांना विचारावी लागते. तेही "काका कसे आहेत?" असं विचारू नका, कारण त्यातून चहाडीचा वास येतो. "तुला इथे आल्यापासून कोणी काय शिकवलं?" असं विचारा.

सोबत वहीच्या मागच्या पानावर महिनाभर प्रसंग टिपत जा. तारीख, काय झालं, पुढे काय झालं, एवढंच. दहा-बारा नोंदी पुरतात. त्यांतल्या तीन टिपणात येतील.

घरात आधी एकमत करा

हा टप्पा घरच्या धंद्यातच लागतो आणि नेमका तोच वगळला जातो. वडिलांनी काकांना कामावर ठेवलं, मुलगा टिपण लिहितो आणि सुनेचा त्यांच्याशी रोजचा संबंध. तिघांच्या मनातले काका वेगळे असतात. मुलाने कागदावर एक सांगितलं आणि संध्याकाळी वडील गल्ल्यावरून म्हणाले, "अहो, त्याचं मनावर घेऊ नका," की टिपण संपलं. म्हणून कच्चा मजकूर तिघांनी वाचावा. ज्या वाक्यावर तिघांचं जमत नाही ते काढून टाकावं. सही एकानेच करावी, आणि जो रोज काम सांगतो त्याने करावी. वडिलांनी शेजारी बसावं.

त्यांच्याशी आधी बोला

बावीस वर्षं सगळं तोंडी चाललेलं असताना एकाएकी कागद पुढे आला, तर माणसाच्या मनात पहिली शंका काय येते? आपल्याला काढताहेत. नव्या पिढीचं राज्य आलं, आता हिशेब चुकता करतील. ही भीती कागदाच्या आधी दूर करावी लागते. आठवडाभर आधी दुपारच्या चहाला सांगा: "काका, यंदापासून सगळ्यांच्याच कामाचं एकेक पान लिहून ठेवणार आहे. तुमच्यापासून सुरुवात करतोय. तुम्हाला काय वाटतं ते आधी ऐकायचंय." आणि हे खरं ठेवा: बाकीच्या तिघांचीही पानं लिहा. एकट्याचंच लिहिलंत तर शंका खरी ठरते.

मग तीनच गोष्टी विचारा. यंदा कुठलं काम मनासारखं झालं? कुठे अडचण झाली? दुकानाने काय करावं? पहिल्याला उत्तर बहुधा "काय, नेहमीचंच" असं येईल. तेव्हा तुमच्या नोंदीतला एखादा प्रसंग काढा, म्हणजे ते बोलू लागतात. दुसऱ्या प्रश्नावर मात्र गप्प बसा आणि वाट पाहा. आमच्या उदाहरणातल्या काकांनी इथे सांगितलं की गादीवर मांडी घालून बसल्यावर उठताना गुडघे धरतात आणि वरच्या फळीवरचा माल काढायला शिडीवर चढायचा धीर होत नाही. ही गोष्ट मुलाने "हल्ली माल दाखवायचा कंटाळा करतात" म्हणून टिपून ठेवली होती.

सुधारणा एकच निवडा

आता वहीत काकांबद्दल समजा चार तक्रारी आहेत. शिडीवर चढत नाहीत. कॉम्प्युटरवर बिल करत नाहीत. जुन्या गिऱ्हाइकाला गल्ल्यावर न विचारता भाव कमी करून सांगतात. दुपारी फोनवर बोलतात. चारही लिहिल्या तर एकही सुधारणार नाही. प्रत्येकीला दोन कसोट्या लावा: यात दुकानाचं खरंच नुकसान होतं का, आणि हे बदलणं त्यांच्या हातात आहे का?

शिडी त्यांच्या हातात नाही. वय आणि गुडघे हा कामातला दोष नव्हे, तो दुकानाने सोडवायचा प्रश्न आहे, म्हणून तो टिपणाच्या दुसऱ्या भागात, दुकानाच्या कबुलीत जाईल. कॉम्प्युटरवर बिल करायला सून आणि नवी मुलगी आहेत. काकांनी ते न केल्याने काही अडत नाही. फोनची गोष्ट तोंडी सांगण्याइतकीच. उरला भाव. काका गादीवर 2,400 ची साडी 2,200 ला म्हणून बसतात, गल्ल्यावर बिल 2,400 चं होतं, गिऱ्हाईक म्हणतं "काकांनी शब्द दिलाय," आणि सून व गिऱ्हाईक यांच्यात घासाघीस चार लोकांपुढे होते. नुकसान आहे आणि बदल त्यांच्या हातात आहे. हाच मुद्दा घ्यायचा.

पण "परस्पर भाव कमी करू नये" असं लिहिलंत तर बावीस वर्षांच्या शब्दाची किंमत तुम्ही काढून घेतलीत. गिऱ्हाईक त्या शब्दासाठीच येतं. नीट पाहिलं तर इथे दुकानाचीच एक चूक आहे: किती सोडायचं हे त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नाही. म्हणून उपाय असा लिहा की त्यात अधिकारही असेल आणि मर्यादाही. शेकडा पाचपर्यंत ते स्वतः सोडतील आणि चिठ्ठीवर रक्कम लिहून पाठवतील; त्यापुढे गल्ल्यावर विचारतील. 2,400 च्या साडीवर म्हणजे 120 रुपये. तुमच्या मालात नफा किती सुटतो त्यावरून हा आकडा ठरवा. सुरतेच्या रोजच्या साडीवर आणि पैठणीवर तो सारखा ठेवता येणार नाही.

वाक्य कसं घडवायचं

प्रत्येक चांगल्या गोष्टीसाठी तीन धागे एका वाक्यात आणा: काय केलं, केव्हा केलं, त्याने काय झालं. "गिऱ्हाइकांशी वागणूक उत्तम" हे कोणाबद्दलही लिहिता येतं. त्याऐवजी: "वैशाखातल्या बस्त्याला तुम्ही साड्या उघडण्याआधी आजींना विचारून नवरीची, विहिणीची आणि मानपानाची अशी वेगळी यादी केलीत, पस्तीस साड्यांपैकी एकच बदलीला आली." हे वाक्य त्या एकाच माणसाचं आहे, आणि नव्या मुलीने वाचलं तर तिलाही बस्ता कसा दाखवायचा ते कळतं.

"नेहमी", "कधीच नाही", "सगळे म्हणतात" हे शब्द गाळा. "तुमच्या वयाच्या मानाने" हा शब्दप्रयोग कौतुकातही नको. "आमच्या घरातलेच एक" हेही टिपणात टाळावं असं मला ठामपणे वाटतं. घरातल्या माणसाला पगाराची तारीख, सुट्टी आणि मर्यादा सांगायला जड जातं, आणि त्याचा तोटा शेवटी त्यालाच होतो.

मजकूर "श्री. अमुक यांनी" असा तिसऱ्या माणसाबद्दल न लिहिता "तुम्ही" म्हणून लिहा. समोर बसलेल्या माणसाला वाचून दाखवायचा कागद आहे. बँकेला किंवा दुसऱ्या नोकरीसाठी दाखला हवा असेल तर तो निराळा लिहून द्यावा. दोन्ही कामं एका कागदाने होत नाहीत.

पूर्ण नमुना

वहीच्या एका पानात बसेल एवढंच. नाव आणि तारखा तुमच्या भरा.

> श्री. __________ यांस,
>
> कामाचं टिपण: जुलै 2024 ते जून 2025
>
> काका, तुम्ही मे 2003 पासून या दुकानात आहात आणि पुढेही साड्यांचा काउंटर तुमच्याकडेच राहणार आहे. हे पान गेल्या वर्षाच्या कामाबद्दल आहे.
>
> वैशाखातल्या बस्त्याला तुम्ही साड्या उघडण्याआधी आजींना विचारून नवरीची, विहिणीची आणि मानपानाची अशी वेगळी यादी केलीत. पस्तीस साड्यांपैकी एकच बदलीला आली. आधीच्या वर्षापासून पडून असलेल्या नारायणपेठेच्या चाळीस साड्या तुम्ही चैत्रातल्या हळदीकुंकवाआधी वरून काढून दर्शनी टांगायला लावल्या. त्यांतल्या एकतीस गेल्या. नव्या मुलीला जरीच्या साड्यांच्या घड्या मधूनमधून मोडून बदलायला तुम्ही शिकवलंत. त्यामुळे यंदा पैठणीच्या कपाटात घडीवर जर तुटलेली एकही साडी निघाली नाही.
>
> एक गोष्ट बदलायची आहे. गादीवर ठरलेला भाव आणि गल्ल्यावरचं बिल यांत फरक पडल्याने सराईत अनेकदा गिऱ्हाइकापुढे वाद झाला. किती सोडायचं हे आम्ही ठरवून दिलेलं नव्हतं. आजपासून पाच हजारांच्या आतल्या साडीवर शेकडा पाचपर्यंत तुम्ही स्वतः सोडावं आणि चिठ्ठीवर रक्कम लिहून पाठवावी. गल्ल्यावर त्यावर कोणी प्रश्न विचारणार नाही. त्याहून जास्त सोडायचं असेल किंवा साडी पाच हजारांच्या वरची असेल, तर आधी विचारावं.
>
> दुकानाकडून: वरच्या फळ्यांवरचा माल काढायचं काम कामावरच्या मुलाकडे राहील. श्रावणाआधी गादीशेजारी उंच काउंटर आणि खुर्ची येईल. सराईत तुमची जेवणाची सुट्टी दुपारी दोनच्या आत होईल. त्या वेळी काउंटर मी सांभाळेन.
>
> दसऱ्याच्या आधी पुन्हा बसू आणि वरच्या दोन्ही गोष्टी तपासू.
>
> तुमचं म्हणणं: ____________________
>
> सही, तारीख

पहिल्याच वाक्यात "पुढेही तुमच्याकडेच" आलं आहे, कारण काढून टाकण्याची भीती गेल्याशिवाय पुढचं काही कानात शिरत नाही. ते खरं नसेल तर लिहू नका. दोष सांगणाऱ्या वाक्यात "तुम्ही" कर्ता नाही: भाव आणि बिल यांत फरक पडला, वाद झाला. जे घडलं ते तसंच्या तसं आहे, पण बोट रोखलेलं नाही. आणि दुकानाच्या कबुलीत प्रत्येक गोष्टीला माणूस किंवा मुदत आहे. "सोयी पुरवल्या जातील" असं लिहिलं की कोणीच काही करत नाही.

रुजू झाल्याचा महिना बिनचूक लिहा. तुमच्या सहीचा कागद म्हणजे सेवेचा लेखी पुरावा आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानाला ग्रॅच्युइटी लागू होते, आणि ती दर वर्षाच्या सेवेला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून, अशी मोजतात. त्यामुळे वर्षं कमी-जास्त लिहिण्याचा प्रश्नच येत नाही. माणसं दहाहून कमी असतील तरीही खरी तारीख मिळणं हा त्यांचा हक्क आहे.

देताना

दुकान उघडण्याआधी अर्धा तास ठेवा. गिऱ्हाइकाच्या वेळेत, इतर कामगारांच्या देखत किंवा गल्ल्यावर उभं राहून देऊ नका. स्वतः मोठ्याने वाचून दाखवा. वाचता येत नसेल म्हणून नव्हे. चष्मा शोधत, मान खाली घालून मालकापुढे कागद वाचायला लावणं माणसाला अवघडवतं. पूर्ण वाचून झाल्यावर दोष सांगणारा परिच्छेद पुन्हा वाचू नका.

"एवढी वर्षं झाली, आता माझं लिहून घेणार काय?" असं आलं तर वाद घालू नका. "जे तोंडी राहिलं ते विसरलं गेलं. काउंटरचं तुम्ही गेल्या वर्षीही बोलला होतात, आम्ही विसरलो. म्हणून लिहितोय," असं खरं काय ते सांगा. त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत "तुमचं म्हणणं" मध्ये लिहा आणि लिहिलेलं वाचून दाखवा. त्यांनी पाच टक्क्यांऐवजी सात मागितले तर तेही लिहा. मान्य करायलाच हवं असं नाही. सही करायला ते कचरले तर आग्रह धरू नका. "वाचून दाखवलं" आणि तारीख एवढं खाली लिहिलं तरी पुरतं. एक प्रत त्यांना, एक दुकानाच्या फाइलीत. इतर कामगारांना ती दाखवायची नाही.

ते दिवसभर गप्प राहिले तर लगेच समजूत घालायला जाऊ नका. चार दिवसांनी चिठ्ठीवर सूट लिहून येऊ लागली का ते पाहा. येत असेल तर टिपण पोचलं. चिठ्ठ्या कोऱ्याच येत असतील आणि भाव मात्र गादीवर ठरत असतील, तर बहुतेक वेळा कारण गल्ल्यावर सापडतं: पहिल्याच चिठ्ठीला कोणीतरी "हे का सोडलं?" विचारलेलं असतं. तेव्हा काकांशी बोलण्याआधी घरात बोला.

दसऱ्याआधी बसाल तेव्हा दुकानाच्या बाजूपासून सुरुवात करा. काउंटर आला का, खुर्ची आली का, जेवण वेळेवर होतं का, हे आधी विचारा आणि जे झालं नसेल त्याला त्याच बैठकीत नवी तारीख द्या. मग चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून तीन महिन्यांत एकूण किती सूट गेली ते दोघांनी मिळून बघा. आकडा तुमच्या अंदाजात असेल तर मर्यादा पाचाची सहा करायला हरकत नाही. फार वर गेला असेल तर कुठल्या मालावर गेला ते वेगळं काढा, कारण तो बहुधा एखाद्या जुन्या स्टॉकवर गेलेला असतो आणि तो तसा जायलाच हवा होता. जे ठरेल ते त्याच पानाच्या खाली तारखेसह लिहा.